समाकलित वेग नियम आणि सरळ रेषेची परीक्षा: झिरो, फर्स्ट की सेकंड ऑर्डर? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतो. बारावीला रासायनिक गतिकी शिकून आलेली मुलं तिन्ही समीकरणं धडाधड म्हणून दाखवतात. हातात स्वतःचे आकडे आले आणि "आता ऑर्डर सांगा" म्हटलं की मात्र गाडी अडते. खालचे प्रश्न याच अडलेल्या जागेवर मला विचारले गेलेले आहेत. काही जर्नल तपासताना आले, काही व्हायव्हानंतर कॉरिडॉरमध्ये.

साधा वेग नियम आहे ना, मग समाकलित कशाला?

साधा वेग नियम या क्षणाचा वेग सांगतो: वेग = k[A]ⁿ. यात [A] म्हणजे संहती, k म्हणजे वेग स्थिरांक आणि घातांक n म्हणजेच ऑर्डर. अडचण अशी की वेग थेट मोजणारं उपकरण आपल्या टेबलावर नसतं. ब्युरेट सांगते ती त्या वेळची संहती, आणि स्टॉपवॉच सांगतं वेळ. म्हणजे आपल्या हाती असतात संहती आणि वेळ यांच्या जोड्या, तर नियम बोलतो वेगाबद्दल. दोन्हींची गाठ घालायची तर नियमाचं समाकलन करावं लागतं. ते एकदा केलं की वेग समीकरणातून निघून जातो आणि उरतं "इतक्या वेळानंतर इतकी संहती".

```
झिरो ऑर्डर :  [A] = [A]0 − kt
फर्स्ट ऑर्डर :  ln[A] = ln[A]0 − kt
सेकंड ऑर्डर :  1/[A] = 1/[A]0 + kt
```

तिन्हींचा साचा y = mx + c असाच आहे. फरक एवढाच की y च्या जागी पहिल्यात संहती, दुसऱ्यात तिचा ln आणि तिसऱ्यात तिचा व्यस्त येतो. म्हणून एकाच प्रयोगाच्या आकड्यांचे तीन ग्राफ काढायचे आणि सरळ येईल तो आपला, ही पद्धत. सांगायला सोपी आहे, पण "सरळ येईल" या दोन शब्दांतच सगळी गोम आहे.

सरावासाठी कोणती अभिक्रिया घ्यावी?

मी इथाइल ॲसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांचं साबणीकरण घेतो. अल्कली एस्टरला फोडते, सोडियम ॲसिटेट आणि इथेनॉल तयार होतं. वेग दोघांच्याही संहतीवर अवलंबून असतो, त्यामुळे दोघांची सुरुवातीची संहती समान ठेवली की ती शेवटपर्यंत समानच राहते आणि गणित वेग = kc² इतकं सोपं होतं. २५ अंश सेल्सिअसला k साधारण ६.५ लिटर प्रति मोल प्रति मिनिट असतो. म्हणजे ०.०१ M द्रावणाचा अर्धायुकाल पंधरा मिनिटांच्या आसपास येतो, आणि प्रॅक्टिकलच्या वेळेत तो आरामात बसतो.

कृती अशी. ०.०२ M अल्कली आणि ०.०२ M एस्टर वेगवेगळ्या बंद फ्लास्कमध्ये वॉटर बाथमध्ये ठेवायचे. तापमान जुळलं की समान आकारमान एकत्र करायचं. एकत्र झाल्यावर दोन्ही ०.०१ M होतात (हे विसरून k निम्मा किंवा दुप्पट काढणारा एक जण दरवर्षी निघतोच). ठरलेल्या वेळी मिश्रणातले १० मिली पिपेटने काढून ०.०१ M हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १० मिलीमध्ये सोडायचे. उरलेली अल्कली तत्क्षणी आम्लात संपते आणि साबणीकरण थांबतं. पिपेट निम्मी रिकामी होते तो क्षण म्हणजे आपली वेळ. मग जास्तीचं आम्ल ०.०१ M अल्कलीने फिनॉल्फ्थेलिन घालून टायट्रेट करायचं.

हे आकडे असे निवडल्याचा एक फायदा आहे. ब्युरेटचं रीडिंग म्हणजे किती एस्टर फुटलं याचं थेट माप ठरतं, आणि १० मधून ते वजा केलं की उरलेली अल्कली मिळते. मिलीमधली ही संख्या हजाराने भागली की संहती मोल प्रति लिटरमध्ये येते.

एक उदाहरण आकड्यांसह दाखवाल का?

दाखवतो. खालचे आकडे समजावण्यासाठी मी बेतलेले आहेत, पण २८ अंशांना या अभिक्रियेत साधारण असंच दिसतं. ब्युरेट ०.०५ मिलीपर्यंत वाचली आहे असं धरलंय.

| वेळ (मिनिटं) | ब्युरेट रीडिंग (मिली) | उरलेली अल्कली, c (मिली) | ln c | 1/[A] (लिटर प्रति मोल) |
|---|---|---|---|---|
| ० | – | १०.०० | २.३०३ | १००.० |
| ५ | २.८५ | ७.१५ | १.९६७ | १३९.९ |
| १० | ४.४५ | ५.५५ | १.७१४ | १८०.२ |
| २० | ६.१५ | ३.८५ | १.३४८ | २५९.७ |
| ३० | ७.०५ | २.९५ | १.०८२ | ३३९.० |
| ४० | ७.६० | २.४० | ०.८७५ | ४१६.७ |
| ६० | ८.३० | १.७० | ०.५३१ | ५८८.२ |

शून्य मिनिटाचं रीडिंग कोणी घेत नाही, घेताही येत नाही. अल्कलीचं द्रावण आधी स्वतंत्रपणे टायट्रेट करून तिची खरी संहती काढलेली असते, तिच्यावरून तो आकडा येतो.

आता ग्राफ पेपर उघडायच्या आधी एक काम करा. शेजारशेजारच्या दोन बिंदूंमधला उतार काढा. ग्राफ खरोखर सरळ असेल तर हा उतार सगळीकडे सारखा यायला हवा. डोळ्यांना फसवता येतं, भागाकाराला नाही.

ln c च्या रकान्यात पहिल्या पाच मिनिटांत उतार मिनिटाला ०.०६७ आहे. पुढच्या पाचात ०.०५१, मग ०.०३७, ०.०२७, ०.०२१ आणि शेवटच्या वीस मिनिटांत ०.०१७. चढउतार नाही, सरळ घसरणच. तासाभरात तो चौपट कमी झाला. ही अभिक्रिया फर्स्ट ऑर्डर असती तर हा आकडा हललाच नसता. साध्या c चं तर विचारायलाच नको, तिथे उतार ०.५७ वरून ०.०३५ वर येतो.

1/[A] च्या रकान्यात मात्र ८.०, ८.१, ८.०, ७.९, ७.८ आणि शेवटी ८.६ असे उतार येतात. शेवटचा थोडा उडालाय, त्याच्याकडे पुढे येतो. बाकीचे एकाच आकड्याभोवती घोटाळतात. म्हणून सेकंड ऑर्डर, आणि k साधारण ७.९ लिटर प्रति मोल प्रति मिनिट.

मी दहा मिनिटांपर्यंत रीडिंग्ज घेतली, ln c चा R² 0.99 आला. मग फर्स्ट ऑर्डर का नाही?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबू.

वरच्या तक्त्यातले पहिले तीनच बिंदू घ्या: ०, ५ आणि १० मिनिटं. त्यांच्यातून ln c ची सर्वोत्तम रेषा काढली तर R² 0.993 येतो. व्हायव्हात छाती पुढे काढून सांगावा असा. आणि ऑर्डर मात्र चुकीची! त्याहून गंमत म्हणजे याच तीन बिंदूंवर झिरो ऑर्डरचा R² सुद्धा 0.974 येतो.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून दोन्हीकडे वीस-पंचवीस पावलं पाहिलंत तर कठडा सरळ वाटतो. तोच मलबार हिलवर कमला नेहरू पार्कमधून पाहा, अख्खी कमान दिसते. वक्र तोच आहे, आपण त्याचा किती भाग पाहतोय यावर सगळं अवलंबून. अभिक्रियेच्या पहिल्या दहा मिनिटांत आपण कठड्यावर बसलेलो असतो.

आकड्यांत सांगायचं तर समजा तीन वेगवेगळ्या अभिक्रिया आहेत, एक झिरो, एक फर्स्ट, एक सेकंड ऑर्डर. तिन्हींचा सुरुवातीचा वेग एकच, मिनिटाला मूळ मालाच्या एक टक्का. दहा टक्के माल संपायला त्यांना अनुक्रमे १०.०, १०.५ आणि ११.१ मिनिटं लागतात. एवढा फरक तर पिपेट रिकामी करण्याच्या घोळातच बुडून जाईल. पन्नास टक्क्यांना ५०, ६९ आणि १०० मिनिटं लागतात, इथे वाटा फुटू लागल्या. पंचाहत्तर टक्क्यांना ७५, १३९ आणि ३००. आता कोणीही सांगेल कोणती कोण. ऑर्डरची ओळख अभिक्रियेच्या उत्तरार्धात लपलेली असते, आणि तिथे पोचायच्या आत बरेच जण विसळलेला फ्लास्क उपडा घालून मोकळे होतात.

मी स्वतः विद्यार्थी असताना हेच केलं होतं. शेवटचं प्रॅक्टिकल, पाच-सतराची लोकल पकडायची घाई, चार रीडिंग्ज घेऊन मी एस्टरच्या साबणीकरणाला फर्स्ट ऑर्डर ठरवून मोकळा. सरांनी जर्नलवर काही लिहिलं नाही, फक्त माझी रेषा पट्टी धरून पुढे वाढवली आणि विचारलं, "चाळीस मिनिटांना हिच्याप्रमाणे किती उरायला हवं?" माझी रेषा म्हणत होती दहातला एक मिलीसुद्धा उरणार नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या जर्नलमध्ये जवळपास अडीच उरलेले होते.

मग रीडिंग्ज किती वेळ घ्यायची?

निदान तीन चतुर्थांश माल संपेपर्यंत. सेकंड ऑर्डरमध्ये हा काळ पहिल्या अर्धायुकालाच्या तिप्पट असतो, फर्स्ट ऑर्डरमध्ये दुप्पट. वरच्या उदाहरणात अर्धायुकाल साडेबारा मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे चाळीस मिनिटं हवीत.

वेळाही समान अंतराने ठेवू नका. सुरुवातीला संहती झपाट्याने पडते, तिथे बिंदू दाट हवेत. पुढे दहा-दहा मिनिटांनी चालतं.

R² बघायचाच नाही का मग?

बघा, पण त्याच्या भरवशावर निकाल देऊ नका. वरच्या सातही बिंदूंवर ln c चा R² 0.94 येतो. ग्राफ डोळ्यांना केळ्यासारखा वाकलेला दिसतो, तरी आकडा ०.९४! परीक्षेत चौऱ्याण्णव टक्के म्हणजे डिस्टिंक्शन, इथे तो नापास आहे. 1/[A] चा R² 0.9997 येतो. दोन्ही शेजारी ठेवले तर निवड उघड आहे, पण ०.९४ एकटाच पाहिला असता तर कोणीही फसलं असतं.

R² पेक्षा बिंदू रेषेपासून कुठल्या बाजूला आहेत ते पाहा. चुकीच्या ऑर्डरच्या ग्राफात दोन्ही टोकांचे बिंदू रेषेच्या वर आणि मधले सगळे खाली, किंवा त्याच्या उलट, असे गटाने बसतात. योग्य ऑर्डरच्या ग्राफात ते इकडेतिकडे विखुरलेले असतात. गट दिसला की ग्राफ वाकलाय, R² काहीही म्हणो.

शेवटचा बिंदू रेषेबाहेर गेला. खोडून टाकू?

नको. आधी तो किती बाहेर जाऊ शकतो हे काढा.

साठाव्या मिनिटाला फक्त १.७० मिली अल्कली उरली आहे. ब्युरेट वाचताना ०.०५ मिलीची चूक झाली तर १.७० चा व्यस्त काढताना ती फुगते. 1/[A] मध्ये ती १७ लिटर प्रति मोल इतकी होते. पाचव्या मिनिटाला c ७.१५ असताना तीच चूक जेमतेम १ इतकी असते. एकच ब्युरेट, एकच डोळा, पण ग्राफावर शेवटचा बिंदू पहिल्यापेक्षा सतरा पट डळमळीत. आपल्या तक्त्यात तो बाकीच्या बिंदूंच्या रेषेपासून बाराएक एककं दूर आहे, म्हणजे चुकीच्या आवाक्यातच आहे.

त्रास एवढाच की साधी सर्वोत्तम रेषा सगळ्या बिंदूंना सारखं वजन देते, आणि टोकाचा बिंदू रेषेला शेपटीसारखा हलवतो. सातही बिंदू घेतले तर उतार ८.०९ येतो, शेवटचा सोडला तर ७.९ च्या आसपास. म्हणून निकालाला असा नियम लावा: ऑर्डर ठरवायला उशिराचे बिंदू लागतातच, पण k चा आकडा काढताना त्यांना कमी वजन द्या. हाताने काढत असाल तर मधल्या भागातून रेषा घ्या आणि शेवटच्या बिंदूला त्याच्या चुकीच्या रेघेसकट दाखवा. खोडलेला बिंदू मला जर्नलमध्ये खपत नाही.

1/[A] चा ग्राफ सुरुवातीला सरळ होता, पुढे वाकला. ऑर्डर चुकली का?

बहुतेक वेळा ऑर्डर बरोबर असते, दोघांची संहती समान नसते. कोणत्या बाजूला वाकलाय त्यावरून दोषी कोण ते कळतं.

ग्राफ वर उचलला जात असेल, म्हणजे अल्कली अपेक्षेपेक्षा लवकर संपत असेल, तर एस्टर जास्त झालंय. याचं नेहमीचं कारण म्हणजे अल्कलीची बाटली उघडी राहिलेली असते. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, आणि कालच बनवलेलं ०.०२ M द्रावण आज तेवढं राहिलेलं नसतं. त्याच दिवशी ते टायट्रेट करून घ्यायचं ते यासाठीच.

ग्राफ उलट खाली झुकून आडवा होत असेल तर अल्कली जास्त आहे. एस्टर संपत आलं तरी अल्कली उरतेच, म्हणून 1/[A] एका मर्यादेला जाऊन थांबतो. इथे संशयित एस्टर. इथाइल ॲसिटेट ७७ अंशांना उकळतं आणि मुंबईच्या मे महिन्यात, पंखा गरगरत असताना, उघड्या बीकरमधून भराभर उडतं. पिपेटने मोजायच्या आधीच वाऱ्यावर जातं.

संहती मुद्दाम असमान ठेवल्या असतील तर 1/[A] काढायचाच नाही. त्या वेळी दोन्हींच्या गुणोत्तराचा ln काढतात:

```
ln([B]/[A]) = ln([B]0/[A]0) + ([B]0 − [A]0)kt
```

तोही सरळ येतो, आणि उताराला सुरुवातीच्या संहतींच्या फरकाने भागलं की k मिळतो.

वाकण्याचं तिसरं कारण तापमान. या अभिक्रियेत एका अंशामागे k साधारण सहा टक्के वाढतो. फ्लास्क एसी लॅबमधून आणून बाथमध्ये न ठेवता टेबलावरच ठेवला तर पहिला अर्धा तास तो हळूहळू गरम होत राहतो आणि रेषेचा उतार चढत जातो.

आम्लातल्या मिथाइल ॲसिटेटच्या जलीय अपघटनात पाणीही भाग घेतं, तरी ती फर्स्ट ऑर्डर कशी?

पाणी इतकं मुबलक असतं की त्याची संहती जागची हलत नाही. लिटरभर पाण्यात ५५ मोलच्या वर पाणी, त्यातले दशांश मोल खर्च झाले तर फरक काय पडणार? आम्ल उत्प्रेरक असल्याने तेही संपत नाही. म्हणून वेगात बदलणारी गोष्ट एस्टर एवढीच राहते आणि ln चा ग्राफ सरळ येतो. याला छद्म प्रथम कोटी म्हणतात. १८५० साली लुडविग विल्हेल्मीने ऊसाच्या साखरेचं आम्लातलं विघटन ध्रुवीयमापकाने मोजून हेच नातं पहिल्यांदा दाखवलं होतं.

या प्रयोगात सगळा डाव एका रीडिंगवर असतो: अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचं रीडिंग, म्हणजे V∞. त्या-त्या वेळचं ब्युरेट रीडिंग V धरलं तर उरलेलं एस्टर म्हणजे V∞ − V. ते रीडिंग घाईत, अभिक्रिया पूर्ण व्हायच्या आधी घेतलं तर V∞ कमी येतो आणि ln(V∞ − V) शेवटी शेवटी रेषेच्या खाली डुबकी मारतो. V∞ जास्त धरला गेला तर ग्राफ शेवटी आडवा व्हायला लागतो आणि नेमका सेकंड ऑर्डरसारखा दिसतो. दोन दिवस थांबायला वेळ नाही म्हणून मिश्रणाचा एक भाग बुचाच्या फ्लास्कमध्ये गरम बाथवर ठेवतात, ते चालतं, बूच मात्र घट्ट हवं.

V∞ वर विश्वासच नसेल तर १९२६ ची गुगेनहाइम पद्धत आहे. ठरावीक अंतराने, किमान दोन-तीन अर्धायुकालांच्या अंतराने, रीडिंग्जची दुसरी मालिका घ्यायची आणि जोडीतल्या फरकाचा ln वेळेसमोर काढायचा. V∞ लागतच नाही. पण ही पद्धत ऑर्डर फर्स्ट आहे हे धरूनच k काढते. ऑर्डर ओळखायला ती वापरू नका.

झिरो ऑर्डर खऱ्या आयुष्यात असते का?

असते. तप्त टंग्स्टनवर अमोनियाचं विघटन हे पुस्तकातलं उदाहरण, पण प्रॅक्टिकलला सोपं म्हणजे ॲसिटोन आणि आयोडीन. ॲसिटोन आणि आम्ल भरपूर, आयोडीन थोडंसं. हळू पायरीत आयोडीन येतच नाही, ॲसिटोनचं रूप बदलणं हीच हळू पायरी, आणि आयोडीन नंतर पटकन जोडलं जातं. म्हणून आयोडीनची संहती वेळेसमोर सरळ रेषेत उतरते आणि शेवटी तपकिरी-पिवळा रंग एकदम नाहीसा होतो. सुंदर दिसतं.

झिरो ऑर्डरची रेषा शून्यावर आपटते, [A]0/k इतक्या वेळाने. फर्स्ट आणि सेकंड ऑर्डरच्या वक्रांना शेवट नसतो. त्यामुळे माल पूर्ण संपेपर्यंत तुम्ही थांबलात आणि घट शेवटपर्यंत एकसारखी राहिली, तर उत्तर मिळालं.

अर्धायुकालावरून ऑर्डर ओळखता येईल ना? ग्राफच कशाला?

येईल, आणि झटपट तपासायला मी तेच करतो. साध्या c–वेळ वक्रावर पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा भाग मोजा. वरच्या तक्त्यात १० वरून ५ वर यायला साधारण साडेबारा-तेरा मिनिटं, आणि ५ वरून २.५ वर यायला जवळपास पंचवीस. दुप्पट झाला म्हणजे सेकंड. तेवढाच राहिला तर फर्स्ट, निम्मा झाला तर झिरो. अट तीच: पंचाहत्तर टक्के संपेपर्यंत थांबलेलं असायला हवं.

Excel मध्ये k चा आकडा मित्राच्या निम्म्याहूनही कमी येतो, ग्राफ मात्र दोघांचाही सरळ. का?

बहुतेक तुम्ही LOG लिहिलंय. Excel मध्ये नुसतं `=LOG(B2)` म्हणजे १० पायाचा लॉग. आपल्याला `=LN(B2)` हवं. LOG वापरलाच असेल तर उताराला २.३०३ ने गुणा. जुन्या जर्नल्समध्ये सूत्रात २.३०३ दिसतं ते लॉग-टेबलच्या काळातलं, आणि दोन्ही एकत्र करून LN ला पुन्हा २.३०३ ने गुणणारेही मी पाहिलेत. सेकंड ऑर्डरसाठी `=1/B2` पुरे, पण B2 मध्ये मिली न ठेवता मोल प्रति लिटर ठेवा. फर्स्ट ऑर्डरमध्ये मिली चालतात, कारण ln मध्ये एकक बदललं तर रेषा फक्त वरखाली सरकते, उतार तोच राहतो. सेकंड ऑर्डरमध्ये एकक बदललं की उतारही बदलतो.

1/[A] चा ग्राफ सरळ आला. म्हणजे अल्कलीला फर्स्ट आणि एस्टरला फर्स्ट, असं सिद्ध झालं?

नाही. आपण दोघांची संहती समान ठेवली होती, म्हणून या प्रयोगाने फक्त एकूण ऑर्डर दोन असल्याचं सांगितलं. अल्कलीला दोन आणि एस्टरला शून्य असती तरी ग्राफ तसाच आला असता.

वाटणी कळायला दुसरा प्रयोग लागतो. एस्टर वीसपट घ्या, म्हणजे त्याची संहती जवळपास स्थिर राहील, आणि अल्कलीचा ln काढा. तो सरळ आला तर अल्कलीची ऑर्डर एक. मग एस्टर निम्मं करून पुन्हा तेच करा. उतार निम्मा झाला तर एस्टरचीही ऑर्डर एक, उतार तसाच राहिला तर शून्य. इथे अभिक्रिया खूप वेगवान होते. वीसपट एस्टर म्हणजे ०.२ M, त्याला k ७.९ ने गुणलं की मिनिटाला १.६, म्हणजे अल्कलीचा अर्धायुकाल जेमतेम पंचवीस सेकंद. पिपेटने ते पकडणं अशक्य. म्हणून अल्कली ०.००१ M वर आणा आणि एस्टर ०.०२ M ठेवा. मग अर्धायुकाल साधारण साडेचार मिनिटांचा येतो. पण इतक्या पातळ अल्कलीत टायट्रेशनची चूक फार मोठी ठरते, म्हणून तेव्हा ब्युरेट बाजूला ठेवून कंडक्टिव्हिटी मीटर घ्यावा लागतो. हायड्रॉक्साइड आयन ॲसिटेट आयनापेक्षा कितीतरी चांगली वीज वाहून नेतो, त्यामुळे अल्कली संपत जाते तसं रीडिंग खाली येत जातं. तिथेही शेवटचं रीडिंग लागतंच.